चंद्राचं अंतर: मैलातून किलोमीटरमध्ये आणि तिथून प्रकाश-सेकंदात

प्रश्न: पुस्तकात चंद्राचं अंतर २,३८,८५५ मैल दिलंय. मी १.६ ने गुणलं तर ३,८२,१६८ किलोमीटर आले. त्याला ३ लाखांनी भागलं तर १.२७ प्रकाश-सेकंद. पण दुसरीकडे ३,८४,४०० किलोमीटर आणि १.२८ दिसतं, आणि एका ठिकाणी चक्क १.२५५ लिहिलंय. माझं कुठे चुकलं आणि यातलं बरोबर कुठलं?

उत्तर:

रीत तुमची बरोबर आहे. मैलांना गुणायचं, किलोमीटर मिळवायचे, आणि त्यांना प्रकाशाच्या वेगाने भागायचं, एवढंच हे गणित आहे. चुकले ते वापरलेले दोन आकडे. १.६ थोडा कमी आहे आणि ३ लाख थोडे जास्त आहेत. राहिला १.२५५ चा प्रश्न. तोही बरोबर आहे, पण तो वेगळ्याच अंतराचा आकडा आहे. त्याच्याकडे नंतर येते.

आधी मैल. १९५९ साली इंग्रजी मापं वापरणाऱ्या प्रमुख देशांनी यार्डाची लांबी ०.९१४४ मीटर अशी ठरवून टाकली. मैलात १७६० यार्ड, म्हणून एक मैल म्हणजे १.६०९३४४ किलोमीटर. हा आकडा मोजून काढलेला नाही, व्याख्येने ठरवलेला आहे, त्यामुळे पुढे आणखी दशांश शोधत बसायची गरज नाही. तो इथेच संपतो.

तुमचं आधीचं उत्तर फेकून देऊ नका, त्याच्यावरच पुढे बांधू या. १.६०९३४४ मधले १.६ तुम्ही गुणून झालेले आहेत आणि त्याचे ३,८२,१६८ आलेले आहेत. राहिला ०.००९३४४ चा तुकडा. २,३८,८५५ गुणिले ०.००९३४४ केले की २,२३१.८६ येतात. दोन्हींची बेरीज ३,८४,३९९.८६. म्हणजे पूर्ण आकड्यात ३,८४,४०० किलोमीटर, जो तुम्हाला दुसरीकडे दिसला तोच.

हातातून निसटलेला तुकडा म्हणजे जवळजवळ २,२३२ किलोमीटर. चंद्राचा स्वतःचा व्यास साधारण ३,४७४ किलोमीटर आहे. म्हणजे १.६ वापरल्यावर चंद्र आपल्या व्यासाच्या निम्म्याहून अधिक अलीकडे सरकतो. गाडीने शंभर मैल जायचं असेल तर १.६ ने काही बिघडत नाही, एखाद्या किलोमीटरचाच फरक पडतो. चूक टक्केवारीत तेवढीच आहे, पण अंतरच इतकं मोठं आहे की तीच चूक हजारांत जाते.

आता प्रकाशाचा वेग. निर्वात जागेत तो सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर आहे, आणि हाही आकडा व्याख्येचाच आहे. १९८३ मध्ये मीटरची व्याख्याच अशी केली गेली की प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढं जातो तेवढा एक मीटर. म्हणजे तुमच्या संपूर्ण गणितात दोनच स्थिरांक लागतात आणि दोन्ही अचूक आहेत. उत्तरात जी काही शंका उरेल ती मैलांच्या मूळ आकड्यामुळे उरेल, रूपांतरामुळे नाही. रूपांतर करताना हे सतत डोक्यात ठेवावं असं मला वाटतं, कारण लोक बहुतेक वेळा उलट समजतात.

३,८४,४०० ला २,९९,७९२.४५८ ने भागलं की १.२८२२२ येतात. म्हणजे चंद्राचं सरासरी अंतर १.२८२ प्रकाश-सेकंद. इथे एक शब्द सांभाळायला हवा. प्रकाश-सेकंद हे अंतराचं एकक आहे. १.२८२ प्रकाश-सेकंद हे अंतर झालं आणि ते कापायला प्रकाशाला लागणारे १.२८२ सेकंद हा वेळ झाला. आकडा एकच असल्यामुळे दोन्हींची सरमिसळ होते, विशेषतः जाण्या-येण्याचा हिशोब निघाला की. कुठे चंद्रासाठी २.५६ दिसले तर तो जाऊन-येऊनचा वेळ आहे, अंतर नव्हे.

तुमच्या दोन चुका एकमेकींना का खाऊन टाकत नाहीत, हेही बघण्यासारखं आहे. १.६ ने वरचा आकडा लहान केला आणि ३ लाखांनी खालचा आकडा मोठा केला. दोन्हींनी उत्तर एकाच दिशेला, खाली ढकललं. त्यातही मोठा वाटा १.६ चा आहे. नुसते ३ लाख वापरून ३,८४,४०० ला भागलं असतं तर १.२८१३ आले असते. हा फरक किलोमीटरमध्ये २६६ होतो. १.६ मुळे झालेला फरक याच्या आठपटीहून जास्त आहे. म्हणून तोंडी गणित करायचं असेल तर ३ लाख खुशाल घ्या, पण मैलांसाठी निदान १.६०९ तरी धरा. १.६०९ ने ३,८४,३१८ येतात, म्हणजे चूक ८२ किलोमीटरवर येते.

उत्तरात दशांश किती ठेवायचे हे कुणी फारसं सांगत नाही, पण खरी गडबड तिथेच होते. ते ठरवायला उत्तर उलट फिरवून बघावं. १.२८ ला प्रकाशाच्या वेगाने गुणा: ३,८३,७३४ किलोमीटर येतात, म्हणजे ६६६ कमी. १.२८२ घेतले तर ६६ कमी. १.२८२२ घेतले तर ६ कमी. १.२८२२२ घेतल्यावर ३,८४,४०० परत मिळतात. एका दशांश स्थळाची किंमत अशी डोळ्यांसमोर येते: तिसऱ्या स्थळावरचा एक आकडा म्हणजे ३०० किलोमीटर, पाचव्या स्थळावरचा एक म्हणजे ३ किलोमीटर. कुणी १.३ लिहिलं तर ते ३,८९,७३० किलोमीटर झाले, म्हणजे पाच हजारांहून जास्त. गप्पांमध्ये "सव्वा सेकंदाच्या थोडं पुढे" म्हणणं ठीक, पण १.३ वरून परत किलोमीटर काढू नयेत.

आता १.२५५ कडे येऊ. ३,८४,४०० हे अंतर पृथ्वीच्या केंद्रापासून चंद्राच्या केंद्रापर्यंतचं आहे. खगोलशास्त्रात ते तसंच देतात, कारण कक्षेचं गणित केंद्रांवर चालतं. पण प्रकाश काही केंद्रातून निघत नाही. आपण उभे असतो जमिनीवर आणि तो येतो चंद्राच्या पृष्ठभागावरून. पृथ्वीची विषुववृत्ताजवळची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, चंद्राची १,७३७. दोन्ही मिळून ८,११५. हे वजा केले की ३,७६,२८५ किलोमीटर उरतात आणि त्यांचे १.२५५ प्रकाश-सेकंद होतात. ज्याने १.२५५ लिहिलंय त्याने पृष्ठभाग ते पृष्ठभाग अंतर घेतलं, तुमच्या पुस्तकाने केंद्र ते केंद्र. दोघांचंही गणित बरोबर आहे. चूक फक्त ते सांगितलं नाही ही आहे.

पण हे पूर्ण ८,११५ किलोमीटर वजा करायची मुभा चंद्र बरोबर डोक्यावर असेल तेव्हाच. क्षितिजावर उगवणारा चंद्र बघताना आपण पृथ्वीच्या जवळपास कडेवर असतो, त्यामुळे पृथ्वीच्या त्रिज्येचा फायदा आपल्याला मिळत नाही. फक्त चंद्राची त्रिज्या वजा होते. म्हणजे उगवताना मोठा भासणारा चंद्र डोक्यावरच्या चंद्रापेक्षा साधारण एका पृथ्वी-त्रिज्येने, ०.०२१ प्रकाश-सेकंदाने लांब असतो. केंद्र-पृष्ठभागाचा हा फरक दुसऱ्या दशांशात येतो, म्हणून १.२८२२२ असं पाच स्थळांचं उत्तर लिहिताना ते केंद्र ते केंद्र आहे हे शेजारी लिहायलाच हवं.

यापेक्षाही मोठा फरक कक्षेमुळे पडतो. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, शिवाय सूर्याच्या ओढीमुळे ती थोडी आवळत-सैलावत असते. त्यामुळे तो उपभूला साधारण ३,५६,४०० किलोमीटरपर्यंत जवळ येऊ शकतो आणि अपभूला ४,०६,७०० पर्यंत लांब जाऊ शकतो. प्रकाश-सेकंदात हे १.१८९ ते १.३५७ झालं. दोन टोकांतलं अंतर ५०,३०० किलोमीटर, म्हणजे ०.१६८ प्रकाश-सेकंद. तुमच्या १.६ च्या चुकीपेक्षा हा पल्ला वीसपटीहून मोठा आहे. म्हणून "आज रात्री चंद्र किती लांब" या प्रश्नाला ३,८४,४०० हे उत्तर चालत नाही. त्या दिवसाचं, त्या वेळेचं अंतर पंचांगाच्या किंवा खगोलीय तक्त्याच्या गणितातून घ्यावं लागतं, आणि मग त्याच दोन स्थिरांकांनी रूपांतर करायचं.

सरासरीबद्दलही एक बारीक गोष्ट सांगते, कारण याने बरेच जण गोंधळतात. ३,८४,४०० ही कक्षेच्या लांब अक्षाची अर्धी लांबी आहे. पण वेळेनुसार सरासरी काढली, म्हणजे महिनाभर दर तासाला अंतर टिपून त्यांची सरासरी घेतली आणि असं बरेच महिने केलं, तर उत्तर सुमारे ३,८५,००० किलोमीटर येतं. याचं कारण सोपं आहे: लांब असताना चंद्र हळू चालतो, त्यामुळे तिथे जास्त वेळ रेंगाळतो. ३,८५,००० चे १.२८४ प्रकाश-सेकंद होतात आणि २,३९,२२८ मैल होतात. तुमच्या पुस्तकातल्यापेक्षा मैलांचा आकडा कुठे तीन-चारशेने जास्त दिसला तर तो छापण्यातला दोष समजू नका, ती कदाचित ही दुसरी सरासरी असेल.

आता पुस्तकातल्या २,३८,८५५ कडेच जरा निरखून बघा. शेवटी ८५५ कसे आले? ३,८४,४०० ला १.६०९३४४ ने भागा, २,३८,८५५.०९ येतात. म्हणजे हा मैलांचा आकडा मुळात किलोमीटरमधून आलेला आहे. तुम्ही मैल पुन्हा किलोमीटर केले तेव्हा तो आपल्या घरी परत गेला, म्हणूनच ३,८४,३९९.८६ इतकं नेटकं उत्तर आलं. एखादा मैलांचा आकडा असा गोल किलोमीटरवर येऊन टेकला की ओळखावं, मूळ किलोमीटरमध्ये होतं. ३,८४,४०० हे स्वतः शंभरावर गोल केलेलं आहे. मग ८५५ मधले शेवटचे ५५ मैल काय सांगतात? काहीच नाही, ते भागाकारातून उगवलेले आहेत.

आणि किलोमीटर तरी कुठून आले? आज चंद्राचं सर्वांत अचूक अंतर वेळ मोजून काढतात. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर परावर्तकांची चौकट ठेवली. पुढे अपोलो १४ आणि १५ ने ठेवल्या, आणि लुनोखोद या सोव्हिएत गाड्यांवरही परावर्तक होते. पृथ्वीवरून लेसरचा स्पंद सोडायचा, तो तिथून उलटून परत यायची वाट बघायची, आणि मधला वेळ मोजायचा. हा वेळ साधारण अडीच सेकंद असतो. त्याचा अर्धा केला आणि प्रकाशाच्या वेगाने गुणला की अंतर. घड्याळात एका नॅनोसेकंदाची चूक झाली तर प्रकाशाच्या वाटेत ३० सेंटिमीटरची, म्हणजे अंतरात १५ सेंटिमीटरची चूक होते. आताची चांगली केंद्रं मिलिमीटरच्या जवळपास पोहोचली आहेत, आणि चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटरने दूर जातो हे त्यातूनच इतकं नेमकं कळलं. म्हणजे तुम्ही करताय तो प्रवास, मैल ते किलोमीटर ते प्रकाश-सेकंद, हा मोजणीच्या बरोबर उलट दिशेचा आहे. मोजणी सेकंदांत झाली, किलोमीटर त्यातून काढले आणि मैल वाचकांच्या सोयीसाठी शेवटी लिहिले. मला हे फार सुंदर वाटतं, आणि उपयोगाचंही आहे: शंका आली की नेहमी सेकंदांकडे परत जाता येतं.

आता चुका कशा ओळखायच्या. माझ्याकडे एकदा एका मोठ्या गटाने बनवलेला तक्ता तपासायला आला होता. त्यात ग्रहांची अंतरं ठीक होती, पण चंद्र ४,४२,३५९ किलोमीटरवर होता. प्रत्येक सूत्र बघितलं, सगळी नीट होती. मग चंद्राचे किलोमीटर मूळ मैलांनी भागून बघितले तर १.८५२ आले. तिथे उलगडा झाला: ते सागरी मैलाचं गुणोत्तर आहे. ज्याने चंद्राची ओळ भरली त्याने रूपांतराच्या यादीतून "मैल" शोधताना चुकून सागरी मैल उचलला होता. पण खरं तर भागायचीही गरज नव्हती. ४,४२,००० हे अपभूच्या ४,०६,७०० च्याही पलीकडे आहे, तिथे चंद्र कधी जातच नाही. तेव्हापासून मी कुठलंही उत्तर आधी ३,५६,००० ते ४,०७,००० या खिडकीत बसतंय का ते बघते.

प्रकाश-सेकंदांतही अशाच खुणा आहेत. ०.७९७ आले तर समजा, मैलांना थेट किलोमीटरच्या वेगाने भागलं, मधली पायरी राहून गेली. २.०६ आले तर उलटं झालं: किलोमीटरना मैलांतल्या वेगाने, म्हणजे १,८६,२८२ ने भागलं. आणि किलोमीटरच १,४८,४१८ आले तर गुणायच्या जागी भागलं. हे आकडे एकदा नजरेखालून गेले की चूक लगेच नावानिशी ओळखू येते. अमेरिकेतला जुना सर्वेक्षण-मैल मात्र सोडून द्या. तो नेहमीच्या मैलापेक्षा जेमतेम ३ मिलिमीटरने मोठा आहे आणि चंद्रापर्यंत जाऊनही त्याने पाऊण किलोमीटरचाच फरक पडतो.

उत्तर पडताळायचं असेल तर किलोमीटरची पायरी पूर्ण टाळून बघा. प्रकाशाचा वेग मैलांत सेकंदाला १,८६,२८२.३९७ आहे. २,३८,८५५ ला त्याने भागलं की थेट १.२८२२२. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला म्हणजे गुणाकारात कुठे घसरलो नाही याची खात्री पटते.

संगणकावरच्या तक्त्यात करत असाल तर A2 मध्ये मैल ठेवून एवढं पुरेल:

```
B2:  =A2*1.609344
C2:  =B2/299792.458
```

A2 मध्ये आकडा स्वल्पविरामांशिवाय, 238855 असा लिहा. लाखांच्या पद्धतीने स्वल्पविराम टाकले तर सगळीकडे तो आकडा म्हणून वाचला जाईलच असं नाही, आणि मग शेजारी चूक दिसते. B2 मधलं उत्तर मध्येच गोल करू नका. गोल करायचं ते एकदाच, शेवटी.

आता हीच रीत गोल केलेल्या आकड्यावर करून दाखवते, कारण प्रत्यक्षात तसेच आकडे जास्त भेटतात. समजा, एका रात्रीसाठी चंद्र "सुमारे २,२१,५०० मैलांवर" असल्याचं वाचलं. गुणाकार केला की पडद्यावर 356469.696 दिसतं आणि पुढे 1.189055. हे जसंच्या तसं उतरवायचा मोह होतो. पण २,२१,५०० हा आकडा शंभरावर गोल केलेला दिसतो, म्हणजे खरं अंतर ५० मैल इकडे किंवा तिकडे, ८० किलोमीटरची अनिश्चितता आधीपासूनच आत आहे. म्हणून लिहायचं ३,५६,५०० किलोमीटर. प्रकाश-सेकंदाच्या तिसऱ्या स्थळाची किंमत ३०० किलोमीटर आहे हे वर आलंच आहे, तेव्हा १.१८९ पर्यंत थांबायचं, चौथं स्थळ आता आपल्या हातात नाही. शिवाय चंद्राचं अंतर तासाभरात शंभर-दोनशे किलोमीटरनेही बदलू शकतं, त्यामुळे वेळ न सांगता दिलेल्या अंतराला किलोमीटरचा शेवटचा आकडा असूच शकत नाही.

तुमच्या वहीत आता हे असं लिहा: २,३८,८५५ मैल = ३,८४,४०० किलोमीटर = १.२८२ प्रकाश-सेकंद, सरासरी, केंद्र ते केंद्र. १.२५५ खोडू नका. त्याच्या खाली "पृष्ठभाग ते पृष्ठभाग, चंद्र डोक्यावर असताना" एवढं जोडा.